क्लचचा टॉर्क काढताना या चुका टाळा

सिंगल प्लेट क्लचचं गणित दिलं की निम्मी मुलं युनिफॉर्म प्रेशरचं सूत्र लावतात, निम्मी युनिफॉर्म वेअरचं, आणि "का?" विचारलं की दोन्हीकडून एकच उत्तर येतं: "सर, तसंच असतं." तसंच नसतं. डिप्लोमाच्या मुलांना मशीन डिझाइन शिकवण्याआधी मी काही वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत. वहीतली ही चूक प्रत्यक्षात कशी दिसते, ते तिथे पाहिलंय.

पूर्ण लेखात एकच क्लच धरतो. लायनिंगची बाहेरची त्रिज्या R1 = १०० मिमी, आतली R2 = ६५ मिमी. घर्षण गुणांक ०.३, लायनिंगला चालणारा दाब जास्तीत जास्त ०.२५ मेगापास्कल. प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षण होतं, म्हणून n = २. (इथे n = १ धरणारे दर वर्षी भेटतात. त्यांनी क्लच प्लेट एकदा हातात घेऊन दोन्ही बाजू बघाव्यात.)

```
दाब समान:  W = π·p·(R1² − R2²)
           T = n·μ·W·(2/3)·(R1³ − R2³)/(R1² − R2²)
झीज समान:  W = 2π·p·R2·(R1 − R2)
           T = n·μ·W·(R1 + R2)/2
```

पहिल्या जोडीने स्प्रिंगचं बल ४५३६ न्यूटन आणि टॉर्क २२८ न्यूटन-मीटर येतो. दुसऱ्या जोडीने बल ३५७४ न्यूटन, टॉर्क १७७. म्हणजे सव्वाबावीस टक्क्यांच्या आसपास घट. इथे मुलांचा ठाम समज होतो की झीज धरली की क्लच एवढा कमकुवत होतो. ही माझी पहिली लाडकी चूक.

आता स्प्रिंग तीच ठेवा, ४५३६ न्यूटनची, आणि झिजलेल्या प्लेटचा टॉर्क काढा. सरासरी त्रिज्या ८३.७ ऐवजी ८२.५ मिमी झाली, एवढाच फरक. टॉर्क २२४.५ येतो. दीड टक्का! मग ते बावीस टक्के कुठून आले? सरासरी त्रिज्येतून नाही, बलातून आले. पहिल्या तुलनेत आपण दाबाची मर्यादा सारखी ठेवली होती, दुसऱ्या तुलनेत बल. स्प्रिंगला तुमचं गृहीतक ठाऊक नसतं, ती आपली दाबत राहते. प्लेट झिजली तरी टॉर्क फारसा पडत नाही, पण तोच भार आता आतल्या कडेकडे सरकतो. झीज समान असेल तर p·r स्थिर राहतं, म्हणून आतल्या कडेला दाब ०.३१७ मेगापास्कल होतो आणि बाहेरच्या कडेला ०.२०६. लायनिंगची मर्यादा होती ०.२५.

म्हणून उत्तराशेजारी "काय सारखं ठेवलं" हे लिहायची सवय मी मुलांना लावतो. दोन शब्द पुरतात: "p सारखा" किंवा "W सारखं". मुलांना हे शाळकरी वाटतं, वाटू दे.

झीज अशी का वाटली जाते, हे समजलं की सूत्र पाठ करायची गरज उरत नाही. झीज साधारण दाब गुणिले घसरण्याचा वेग एवढी असते. नव्या, सपाट प्लेटवर दाब सगळीकडे सारखा, पण बाहेरची कड जास्त वेगाने घासते, म्हणून ती आधी झिजते. ती झिजली की तिथला दाब कमी होतो आणि भार आत सरकतो, आणि p·r सगळीकडे सारखं होईपर्यंत हे चालतं. थोडीशी वापरलेली प्लेट उजेडात तिरकी धरली तर बाहेरचा पट्टा चकचकीत आणि आतला पट्टा अजून खरखरीत दिसतो. तिथे बोट ठेवलं की कळतं, युनिफॉर्म प्रेशर ही नव्या प्लेटची गोष्ट आहे आणि तिचं आयुष्य थोडंच असतं.

दुसरी लाडकी चूक: "टॉर्क कमी पडतोय? लायनिंग आत वाढवा."

ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये विंचचा क्लच होता, वरच्याच मापांचा. तिथल्या नव्या पोराला टॉर्क वाढवून हवा होता. बाहेरची त्रिज्या वाढवायची तर हाउसिंगचं काम निघणार, म्हणून त्याने सोपा रस्ता धरला. आतली त्रिज्या ६५ वरून ४० मिमी केली, युनिफॉर्म प्रेशरचं सूत्र लावलं, २९४ न्यूटन-मीटर आले, आणि त्या हिशोबाने ६६०० न्यूटनच्या आसपासच्या स्प्रिंगा बसवल्या. सुरुवातीला विंच झकास चालली. काही महिन्यांनी हाउसिंगमधून लायनिंगचे कण पडायला लागले. प्लेट काढली तेव्हा आतली कड तडकलेली होती, दोन ठिकाणी टवके उडालेले, आणि बाहेरचा भाग मात्र बरा. पोरगा म्हणाला, "लायनिंग खराब आलंय." मी कागद मागितला.

कागदावर आतल्या कडेचा दाब कुठेच नव्हता. मी काढला: ०.४४ मेगापास्कल, मर्यादेच्या पावणेदोन पट. त्या त्रिज्येवर ०.२५ पाळायचे तर बल ३७७० न्यूटनच्या वर नेता येत नाही, आणि मग टॉर्क येतो १५८. म्हणजे लायनिंग वाढवूनही मूळच्या १७७ पेक्षा कमी! हे पचायला वेळ लागतो, म्हणून सूत्र एका ओळीत मांडून दाखवलं:

```
T = π·n·μ·p·R2·(R1² − R2²)
```

R2 कमी केला की कंसातला भाग वाढतो, पण एका टप्प्याखाली कंसाबाहेरचा R2 त्याहून वेगाने खाली ओढतो. दाबाची मर्यादा ठरलेली असेल तर हा टॉर्क R2 = R1/√३ ला, म्हणजे बाहेरच्या त्रिज्येच्या ०.५८ पट असताना, सर्वात जास्त असतो. १०० मिमीच्या प्लेटला ५८ मिमी, टॉर्क १८१. आधीचे ६५ मिमी त्याच्या जवळच होते, तिथून मिळण्यासारखं फारसं काही नव्हतं.

शेवटी हाउसिंगचं काम करावंच लागलं. R1 ११० मिमी, R2 पुन्हा ६५, बल ४५९५ न्यूटन, टॉर्क २४१. बाहेर दहा मिमी वाढवल्याने जे साधलं, ते आत पंचवीस मिमी वाढवून साधलं नव्हतं. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर एक प्लेट, दोन स्प्रिंगसंच आणि माझी एक दुपार वाचली असती.

बाकीच्या चुका थोडक्यात. एका पद्धतीचं बल आणि दुसऱ्या पद्धतीची सरासरी त्रिज्या मिसळू नका. २२४.५ हे उत्तर अनेकांच्या वहीत "झीज समान" या शीर्षकाखाली असतं, आणि त्यात आतला दाब मर्यादेबाहेर गेलेला असतो. व्यास दिला असेल तर आधी अर्धा करा, मग पुढचं. मल्टिप्लेटमध्ये घासणारे पृष्ठभाग मोजा, प्लेटा नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे माझं मत उलटं होतं. कॉलर बेअरिंगमध्ये घर्षण नको असतं, तिथे वाया जाणारी शक्ती कमी धरून फसू नये म्हणून मी युनिफॉर्म प्रेशर घेतो, कारण त्यात घर्षणाचा टॉर्क जास्त येतो. क्लचमध्ये आपण घर्षणावर जगतो, म्हणून तिथे युनिफॉर्म वेअर. कारण न कळता दोन्हीकडे एकच पद्धत वापरणाऱ्याला मी अर्धे गुण देतो. तोंडी परीक्षेत तेही नाही.