उभ्या भिंतीवरून ओघळणाऱ्या द्रवाच्या थराची जाडी आणि त्याचा उष्णता-संक्रमण गुणांक कसा काढावा

भिंतीच्या वरच्या कडेवरून द्रव सोडला की तो पातळ थर होऊन खाली उतरतो. या थराची जाडी काढणे सोपे असते. गोंधळ होतो तो पुढच्या टप्प्यावर, उष्णता-संक्रमण गुणांक काढताना, आणि त्या गोंधळाने उत्तर जवळपास दुपटीने चुकू शकते. म्हणून जाडी झटपट काढू आणि गुणांकापाशी जास्त वेळ थांबू.

उदाहरणासाठी ग्लिसरीन आणि पाण्याचे ८० टक्के ग्लिसरीन असलेले मिश्रण घेऊ. साधारण २४ अंश सेल्सियसला त्याची गोळाबेरीज मूल्ये अशी: घनता ρ १२०० किलो प्रति घनमीटर, श्यानता μ ०.०५ पास्कल-सेकंद, उष्णता वाहकता k ०.३३ वॅट प्रति मीटर-केल्विन, विशिष्ट उष्णता २८०० जूल प्रति किलो-केल्विन. भिंत अर्धा मीटर रुंद आणि २ मीटर उंच आहे. मिश्रण मिनिटाला ६ लिटर या दराने वरून सोडले आहे.

पायरी १: प्रवाह रुंदीवर वाटा

थराला भिंतीची एकूण रुंदी ठाऊक नसते. दर मीटर रुंदीमागे किती द्रव उतरतो एवढेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. मिनिटाला ६ लिटर म्हणजे सेकंदाला ०.१२ किलो. त्याला अर्ध्या मीटरने भागले की Γ मिळतो: ०.२४ किलो प्रति मीटर-सेकंद.

इथे भिंतीची मोजलेली रुंदी नको, खरोखर ओली झालेली रुंदी हवी. याकडे पुन्हा येऊ.

पायरी २: प्रवाह खरंच संथ आहे का ते पाहा

```
Re = 4Γ/μ
```

आपला रेनॉल्ड्स अंक १९ येतो. साधारण २० ते ३० पर्यंत थराचा पृष्ठभाग सपाट धरता येतो. त्यापुढे आतला प्रवाह स्तरीयच असतो, पण पृष्ठभागावर लाटा उठतात, आणि १६०० ते १८०० च्या आसपास प्रवाह खवळू लागतो. पुढची सूत्रे सपाट थरासाठी आहेत, त्यामुळे ही पायरी गाळू नये. काही लेखक हा अंक ४ शिवाय लिहितात. दुसऱ्याच्या मर्यादा वापरण्याआधी त्याची व्याख्या तपासावी.

पायरी ३: जाडी

थरातल्या कोणत्याही पातळीवर थांबा. तिथपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत जेवढा द्रव आहे, त्याचे वजन त्या पातळीवरच्या श्यान घर्षणाने पेललेले असते. हवेचा पृष्ठभागावरचा ओढा नगण्य मानला आणि भिंतीला टेकलेला द्रव स्थिर धरला, तर वेगाचा आलेख अर्धा पॅराबोला होतो: भिंतीपाशी शून्य, पृष्ठभागावर सर्वाधिक. तो जाडीभर बेरजेला घेतला की विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१६ मध्ये मांडलेले सूत्र हाती येते:

```
δ = (3μΓ / (ρ²g))^(1/3)
```

इथे g म्हणजे गुरुत्व त्वरण. आपल्या आकड्यांनी जाडी δ १.३७ मिलिमीटर येते. सरासरी वेग Γ/(ρδ), म्हणजे सेकंदाला १४.६ सेंटिमीटर. पृष्ठभागाचा वेग त्याच्या बरोबर दीडपट, सुमारे २२ सेंटिमीटर.

घनमूळामुळे प्रवाह दुप्पट केला तरी जाडी फक्त २६ टक्के वाढते. श्यानतेतली चूकही अशीच सौम्य होऊन उतरते.

पायरी ४: उष्णता कुठे जाते ते ठरवा, मग गुणांक

बरेच जण इथे थेट k/δ लिहून मोकळे होतात. ते एका परिस्थितीत बरोबर आहे: उष्णता भिंतीतून शिरून थर ओलांडते आणि पृष्ठभागावर बाष्पीभवनात खर्च होते, किंवा वाफ पृष्ठभागावर साचून उलट दिशेने उष्णता देते. तेव्हा थरात तापमान सरळ रेषेत बदलते, आणि गुणांक भिंत व पृष्ठभाग यांच्या तापमानफरकावर बेतलेला असतो. आपल्या थरासाठी k/δ म्हणजे सुमारे २४२ वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन.

पण आपले मिश्रण नुसते तापते आहे. पृष्ठभागातून बाहेर फारसे काही जात नाही, सगळी उष्णता द्रवातच मुरते. अशा वेळी तापमानफरक भिंत आणि द्रवाचे प्रवाह-सरासरी तापमान यांच्यात धरायचा असतो, आणि गुणांक h असा:

```
h = 1.88 k/δ   (भिंतीचे तापमान स्थिर)
h = 2.06 k/δ   (भिंतीतून समान उष्णता-प्रवाह)
```

हे आकडे नवे नाहीत. दोन समांतर पट्ट्यांमधला, दोन्हीकडून तापवलेला स्तरीय प्रवाह मधोमध कापला की आपला थरच मिळतो, कारण मधल्या रेषेवर घर्षण आणि उष्णता दोन्ही शून्य असतात. पट्ट्यांसाठीचे ७.५४ आणि ८.२४ हे नुसेल्ट अंक चारने भागून पाहा.

भिंत ३० अंशांवर स्थिर धरली तर h सुमारे ४५४ येतो. मिश्रण २० अंशांवर आत आले, तर एक चौरस मीटर भिंतीवरून उतरून ते २७.४ अंशांवर बाहेर पडेल आणि सुमारे २.५ किलोवॅट घेईल. चुकून k/δ वापरले असते, तर उत्तर २५.१ अंश आणि १.७ किलोवॅट आले असते. दुसरे उत्तर पाहून कुणालाही शंका येणार नाही, आणि धोका नेमका तोच आहे.

सुरुवातीच्या पट्ट्यात उष्णता अजून पृष्ठभागापर्यंत पोचलेली नसते आणि गुणांक जास्त असतो. आपल्या आकड्यांत हा पट्टा सुमारे ३५ सेंटिमीटरचा आहे, त्यामुळे पूर्ण भिंतीचा सरासरी गुणांक ७ टक्क्यांच्या आसपास वाढतो. २ मीटरला हे चालून जाते, पण भिंत अर्धा मीटरच असती तर ही वाढ दुर्लक्षून चालले नसते.

पायरी ५: भिंतीपाशी जाऊन पडताळा

पातळ थराची जाडी मोजणे त्रासाचे असते, पृष्ठभागाचा वेग मोजणे सोपे. हलकी, तरंगणारी पूड वर टाका आणि ती खाली पोचायला किती वेळ लागतो ते पाहा. आपल्या हिशेबाने २ मीटरला सुमारे ९ सेकंद लागायला हवेत. सहाच्या आत पोचली, तर बहुधा भिंत अर्धीच ओली आहे: द्रव पट्ट्यांत गोळा झाला, Γ दुप्पट झाला आणि वेग सुमारे १.६ पट. वरची कड समपातळीत नसणे किंवा भिंतीवर तेलकट डाग असणे ही नेहमीची कारणे. कोरड्या भागातून उष्णता जवळपास जातच नाही, आणि ओल्या भागात थर जाड झाल्याने गुणांकही घटतो.

वेळ थोडीच चुकत असेल, तर श्यानतेचा आकडा तपासा. या मिश्रणाची श्यानता २० ते ३० अंशांत जवळपास निम्म्यावर येते. आधी तापमान अंदाजून हिशेब करावा, मग आलेल्या सरासरी तापमानाची मूल्ये घालून पुन्हा करावा. बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत काम भागते.

हीच भिंत आणि तेच ६ लिटर, पण २० अंशांचे साधे पाणी घेतले तर रेनॉल्ड्स अंक ८०० वर जातो. सूत्र ०.३९ मिलिमीटर जाडी सांगेल आणि सरासरी म्हणून ती फार चुकणार नाही, पण लाटा थर ढवळत असल्याने गुणांक सपाट थराच्या सूत्रापेक्षा बराच वर जातो. बाष्पीभवन होणाऱ्या थरासाठी चुन आणि सेबन यांनी १९७१ मध्ये दिलेले सूत्र इथे k/δ च्या सुमारे १.६ पट उत्तर देते. अशा वेळी सपाट थराचा गुणांक फक्त खालची मर्यादा म्हणून धरावा.