बीजभाषकाचा परिचय आणि माजी विद्यार्थ्याला पत्र : या चुका टाळा

आमच्याकडे नागपुरात वनस्पतीरोगांवर एक चर्चासत्र झालं. बीजभाषणाला ४० मिनिटं राखून ठेवली होती. बीजभाषकांचा परिचय करून द्यायला मी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो १४ मिनिटं बोलला. पुढे शाल-श्रीफळ, फोटो, आणि एक वाजता जेवण. पाहुण्या बाईंनी आपलं भाषण २५ मिनिटांत उरकलं. शेवटच्या स्लाइड त्यांनी दाखवल्याच नाहीत.

जेवणाच्या रांगेत मी त्याला टोकलं, तर म्हणाला, "थोडक्यातच बोललो ना जी सर! घरी तर वीस मिनिटांचं बसत होतं."

घरी येऊन मी माझं पत्र काढून पाहिलं. त्यात लिहिलं होतं, "पाहुण्यांचा थोडक्यात परिचय करून द्यावा." चूक त्याची नव्हतीच.

"थोडक्यात" लिहू नका

हा शब्द ज्याचा त्याचा असतो. पत्रात मिनिटं लिहा आणि मिनिटांच्या शेजारी शब्द लिहा. व्यासपीठावरून, माइकसमोर, ऐकणाऱ्याला समजेल अशा गतीने मराठी बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांना ३०० शब्द. घरी मनात वाचताना तेच ३०० शब्द दीड मिनिटात संपतात, म्हणून माणसाला वाटतं अजून पुष्कळ जागा आहे. मोठ्याने वाचून घड्याळ लावायला पत्रातच सांगा.

मिनिटांइतकंच क्रमाचंही महत्त्व. परिचयाच्या आधी कोण बोलणार आणि नंतर काय होणार, हे त्याला कळलं पाहिजे. नाही तर तो व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेतो, स्वागत करतो, चर्चासत्राचा हेतू सांगतो. प्रास्ताविकात हे सगळं आधीच झालेलं असतं.

चार पानांचा बायोडेटा जोडू नका

माणूस हातात असलेलं वाचतो. मी त्या वेळी बाईंचा अख्खा बायोडेटा पाठवला होता, आणि त्यानं तो इमानदारीनं वाचला: दहावीचं वर्ष, समित्या, ६२ शोधनिबंध. सभागृहाला जे हवं होतं ते तिसऱ्या पानावर एका ओळीत दडलेलं होतं. संत्र्याच्या डिंक्या रोगाची बुरशी रोपवाटिकेतल्या मातीसोबत बागेत पोचते, आणि बाई वर्षानुवर्षं त्याच रोपवाटिका पायाखाली घालत होत्या. विदर्भातल्या सभागृहात ही एक गोष्ट सांगितली असती, तर मागच्या रांगेतला संत्रेवालाही सरसावून बसला असता.

म्हणून आता मी अर्धं पानच पाठवतो. सध्याचं पद, कामाचा विषय, एक काम ठळक, एखादाच सन्मान. बाकीचं पुस्तिकेत छापलेलं असतंच. आडनाव मात्र देवनागरीत लिहून, पाहुण्यांना फोनवर विचारून. रोमन लिपीतल्या ई-मेलवरून ठवरेंचे थावरे व्हायला वेळ लागत नाही.

सुराबद्दल गप्प राहू नका

"तुझ्या शैलीत बोल" हे वाक्य मी एकदा लिहिलं आणि चारोळी ऐकली. काय नको ते स्पष्ट लिहावं लागतं: शेर नको, "ज्यांना परिचयाची गरज नाही" नको, "थोर", "अष्टपैलू" नको. बाई भाषणात काय सांगणार ते आधीच फोडणं तर अजिबात नको.

आणि एक अवघड गोष्ट. माजी विद्यार्थी व्यासपीठावर आला की त्याला आपले सर आठवतात. तो पाहुण्यांच्या परिचयात आपले पांग फेडायला लागतो. ऐकायला गोड वाटतं, खोटं कशाला बोलू? पण पाहुणे बाजूला बसून अवघडतात. "माझ्याबद्दल एकही वाक्य नको" हे आपणच लिहायचं, कारण दुसरं कुणी त्याला सांगणार नाही.

संबोधनाचा घोळही इथेच होतो. ज्याला वर्गात "अरे" म्हटलं, त्याला पत्रात काय म्हणायचं? एकाच पत्रात वर "आपणांस" आणि खाली "लवकर पाठव" असं झालं की ते पत्र धड कार्यालयाचंही राहत नाही, धड आपलंही. मी दोन करतो. जावक क्रमांकाचं, "आपण"वालं निमंत्रण महाविद्यालयाकडून जातं. त्याला ऑफिसातून रजा काढायला तेच लागतं. सूचनांचं पत्र माझं, "तू"मधलं. पुढच्या वेळीही बीजभाषणाला त्याच बाई होत्या. तेव्हाचं हे पत्र असं होतं. या वेळी एका विद्यार्थिनीला:

> प्रिय …,
>
> येत्या चर्चासत्रात बीजभाषकांचा परिचय तू करून द्यावास असं मला वाटतं. तू रोपवाटिकांमध्ये काम केलं आहेस, म्हणून तुझं नाव सुचलं. जमणार नसेल तर सोमवारपर्यंत मोकळेपणानं कळव, मी राग धरणार नाही.
>
> वेळ तीन मिनिटं, म्हणजे लिहून ३०० शब्द. तुझ्या आधी प्राचार्यांचं प्रास्ताविक, तुझ्यानंतर सत्कार आणि लगेच बीजभाषण. त्यामुळे स्वागत आणि व्यासपीठावरची नावं तू घेऊ नकोस.
>
> बाई कोण आहेत, त्यांचं कोणतं एक काम आपल्या शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे, आणि आजचा विषय काय, एवढंच सांग. त्यांचं नाव शेवटच्या वाक्यात घे आणि थांब. सूर साधा ठेव, घरी आलेल्या पाहुण्यांची ओळख करून देतो तसा. कविता नको, माझ्याबद्दल काही नको.
>
> सोबत अर्धं पान माहिती आहे. कच्चा मसुदा कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पाठव.

मसुदा आला की काय पाहायचं

तिचा मसुदा आला ४८० शब्दांचा. घाबरायचं कारण नाही, पहिला मसुदा असाच येतो. पहिला परिच्छेद भूमिकेचा होता, "आजच्या धकाधकीच्या युगात" वगैरे. तो सबंध गेला. मग वर्षं मोजली. सात निघाली. ऐकणाऱ्याच्या कानात फार तर दोन राहतात, म्हणून पाच काढायला सांगितली. पुरस्कारांची यादी गेली तेव्हा ३१० वर आलो. डिंक्याची गोष्ट मात्र तिनं दोनच ओळींत उरकली होती. ती वाढवायला सांगितली. खोडाच्या बुंध्याशी डिंक ओघळतो, साल कुजते, आणि शेतकरी बुंध्यावर औषध लावत बसतो, रोग मात्र रोपासोबत घरी आलेला असतो, एवढं तिनं घातलं. अखेर ३३० शब्द झाले. फोनवर वाचून घेतलं, तीन मिनिटं दहा सेकंद.

मसुदाच आला नाही, तर "झालं का" म्हणून विचारू नका. "हो सर, होऊन राहिलं" हेच उत्तर येतं. फोन करून फक्त शेवटचं वाक्य ऐकवायला सांगा. ते तयार नसेल तर काहीच तयार नाही असं समजा, आणि त्याच फोनवर दोघं मिळून लिहून टाका.

दुरुस्त मसुद्यासोबत तिनं विचारलं होतं, "सर, पाच मिनिटं दिली तर?" मी उत्तरात फक्त "तीन" लिहिलं. त्या दिवशी ती साडेतीन मिनिटं बोलली, आणि बाईंच्या सगळ्या स्लाइड बघून झाल्यावरही प्रश्नांना वेळ उरला.