पंप सुरू होतो, पण ओव्हरलोडवर ट्रिप होतो: माझा अनुभव

दिंडोरीजवळ द्राक्षबागेच्या शेततळ्यात विहिरीचं पाणी टाकणारा ५ एचपीचा सबमर्सिबल. थोडा वेळ चालून ट्रिप व्हायचा. कपॅसिटर बदलला, रिवाइंडिंग केलं. खर्च वाया, वैताग वेगळा.

शेवटी डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू अर्धा बंद केला. अ‍ॅम्पियर उतरले! मोटार ठीक होती. पंपाच्या पाटीवर हेड ५० मीटर, म्हणून प्रत्यक्ष हेड काढलं. आधी पंप चालू असतानाची पाणीपातळी मोजली (स्थिर पातळी धरू नका, ती फसवते): जमिनीपासून १४ मीटर खाली. विहिरीजवळच्या जमिनीपासून तळ्यातलं पाइपाचं तोंड १० मीटर वर. ७५ मिमी पीव्हीसी, ३०० मीटर, ५ लिटर/सेकंदाला घर्षण ५ मीटर, बेंड-व्हॉल्व्हचा १. एकूण ३०.

हेड कमी मिळालं की सेंट्रिफ्युगल पंप जास्त पाणी फेकतो, भार वाढतो आणि कार्यक्षमता घसरते.

मग ३० मीटरला ५ लिटरवर सर्वाधिक कार्यक्षमता देणारा पंप वक्र पाहून निवडला. कार्यक्षमता ६०% धरून:

```
HP = (Q × H) / (75 × η)
   = (5 × 30) / (75 × 0.60) = 3.33
```

मोटार ५ एचपीचीच ठेवली. आता व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाही अ‍ॅम्पियर पाटीवरच्या आकड्याच्या आत राहतात.