टॉप-अप केला तरी कार्डावर जुनाच बॅलन्स? या चुका टाळा

कॅन्टीन कार्डाच्या बहुतेक तक्रारी एकाच गैरसमजातून येतात, की ॲपवर दिसतंय तेवढंच कार्डावर पण असणार. तर आधी आपलं कार्ड कुठल्या जातीचं आहे ते बघा. काही कार्डांमध्ये फक्त नंबर असतो आणि हिशोब सगळा सर्व्हरवर, तिथे टॉप-अप केला की लगेच चालतो. दुसऱ्या जातीत बॅलन्स खुद्द कार्डाच्या चिपमध्ये लिहिलेला असतो. ओळखायचं कसं? नेट बंद असताना पण काउंटरवरचं मशीन कार्ड घेऊन उरलेला आकडा दाखवत असेल तर बहुधा बॅलन्स चिपमध्येच आहे.

या दुसऱ्या जातीतच लोक फसतात. समजा कार्डावर ४० आहेत, तुम्ही ॲपवरून ५०० भरले, काउंटरवर ६० चं बिल आलं आणि मशीन म्हणतं बॅलन्स अपुरा. पैसे कुठेही गेलेले नाहीत, ते सर्व्हरवर पेंडिंग आहेत, कारण चिपमध्ये नवीन आकडा लिहायचा तर कार्ड टॉप-अप मशीनच्या रीडरवर प्रत्यक्ष टेकवावंच लागतं. इथे बरेच जण घाबरून परत ५०० भरतात, ते नका करू! टॉप-अप करणाऱ्या मशीनवर कार्ड लावा, ४० चे ५४० झालेले दिसले की मगच काउंटरला जा. दोनदा भरलेत आणि कार्डाला कमाल मर्यादा असेल तर दुसरी रक्कम तशीच अडकून बसते, मग ऑफिसात खेटे.

दुसरी चूक म्हणजे घाई, कार्ड टेकवलं न टेकवलं की उचललं. चिपला स्वतःची बॅटरी नसते, वीज रीडरकडूनच मिळते, त्यामुळे लिहिता लिहिता कार्ड उचललं की काम अर्धवट राहतं. माइफेअर क्लासिक या जुन्या, खूप वापरल्या जाणाऱ्या चिपमध्ये तर एकच आकडा तीनदा लिहितात, त्यातला एकदा उलटा करून, आणि तिन्ही जुळले नाहीत तर चिप तो आकडा मानतच नाही. बऱ्याच सिस्टीम आधीच्या आकड्याची एक प्रत वेगळी ठेवतात म्हणून कार्ड बचावतं, पण सगळ्याच ठेवतात असं नाही. म्हणून बीप होईपर्यंत कार्ड स्थिर धरा. एरर आलीच तर तेच कार्ड त्याच मशीनवर परत लावा, कारण अर्धवट राहिलेल्या व्यवहाराची नोंद त्याच मशीनकडे असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या काउंटरवर पळालात तर पैसे कापले गेले की नाही हेच कोणाला सांगता येत नाही.

आणि कार्डाचा नंबर आजच कुठेतरी लिहून ठेवा. कार्ड हरवल्यावर ब्लॉक करायला तोच लागतो, आणि ऑफलाइन मशीनपर्यंत ब्लॉकची यादी पुढच्या सिंकलाच पोचते, तोवर ते कार्ड तिथे चालूच राहतं.