नव्या सहकाऱ्याला पहिल्या दिवसाआधी मेल पाठवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे मेल कंपनीच्या नव्या पत्त्यावर पाठवणे. आयटी विभागाने खाते उघडलेले असते, म्हणून टीम लीड तिथेच मेल टाकतो. पण त्याचा पासवर्ड नव्या माणसाला सोमवारी सकाळी मिळणार असतो. मेल बाउन्स होत नाही, त्यामुळे तो पोहोचला असेच वाटत राहते. पत्ता एचआरकडून मागून घ्या, ज्यावर ऑफर लेटर गेले तोच.

दुसरी चूक वेळेची. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेला मेल रविवारी वाचला जातो, आणि तेव्हा शंका विचारायला ऑफिसात कोणी नसते. सोमवारी रुजू होणाऱ्याला आधीच्या मंगळवारी किंवा बुधवारी मेल जायला हवा.

आता मजकूर. समजा कारखाना बेळगावच्या उद्यमबागेत आहे आणि मुलगी खानापूरहून बसने येणार आहे. 'सोमवारी भेटू, टीममध्ये स्वागत!' एवढेच लिहिले, तर ती थेट बस स्टँडला उतरेल आणि तिथून पुन्हा खानापूर रोडने मागे येईल. खानापूरची बस उद्यमबागेवरूनच शहरात शिरते, हे आपल्याला इतके सवयीचे असते की लिहायचेच राहून जाते. गेटवरही अडचण येते. यादीत नाव नसेल तर वॉचमन आत सोडत नाही, आणि तुम्ही मीटिंगमध्ये असाल तर ती बाहेर ताटकळते. म्हणून दुसऱ्या एका माणसाचे नाव आणि नंबर हवाच. पहिल्याच दिवशी शॉपमध्ये फेरी असेल तर सेफ्टी शूज लागतात. स्टोअरमध्ये प्रत्येक मापाचा जोड असेलच असे नाही, तेव्हा बुटाचे माप याच मेलमध्ये विचारा.

असा मेल पुरतो:

विषय: सोमवार, सकाळी ९:३०, गेट क्र. २

नमस्कार,
सोमवारी तुम्ही आमच्या डिझाइन टीममध्ये येताय, आनंद आहे. बसमधून उद्यमबागेला उतरा, स्टँडपर्यंत जाऊ नका. गेटवर तुमचे नाव दिले आहे. मी भेटलो नाही तर खालच्या दुसऱ्या नंबरवर फोन करा. आधार आणि पॅन मूळ प्रतींसह आणा. जेवण कॅन्टीनमध्ये आहे, डबा आणलात तरी चालेल. पहिल्या दिवशी फक्त ओळख आणि शॉपची फेरी, ५:३० ला सुटी. बुटाचे माप गुरुवारपर्यंत कळवा.

पीएफ, बँक खाते, विमा यांचे फॉर्म यात कोंबू नका. ते एचआरच्या मेलमध्ये जाऊ द्या, नाहीतर उतरायचे ठिकाण अटॅचमेंटच्या गर्दीत हरवते.

बुटाच्या मापाचा आणखी एक उपयोग आहे: उत्तर आले म्हणजे मेल वाचला गेला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत काही आले नाही, तर तोच मेल परत पाठवत बसू नका, सरळ फोन करा. मेल इंग्रजीत गेला असला तरी फोनवर मराठीत किंवा कन्नडमध्ये बोला. 'स्पॅममध्ये गेला होता, सर' हे उत्तर बऱ्याचदा तेव्हाच कळते.