युनिकोडचं काम वाटून देण्याआधी काय काय लिहून ठेवायचं

संस्थांच्या जुन्या स्मरणिका, वार्षिक अंक, अहवाल हे सगळं बहुतेक श्रीलिपीत नाहीतर आयएसएमच्या सुरेखमध्ये टाइप केलेलं असतं आणि कधीतरी ते युनिकोडमध्ये आणायची वेळ येते. एकट्याच्याने होत नाही, म्हणून ग्रुपवर एक ओळ पडते: ‘जुन्या स्मरणिकेतले लेख युनिकोड करायचे आहेत, कोण घेतंय?’ आमच्याकडे ती ओळ मीच टाकली होती. लेख भराभर उचलले गेले आणि ‘झालं’ असे निरोपही आले. एकाचं ‘झालं’ म्हणजे कन्व्हर्टरमधून निघालेला मजकूर जसाच्या तसा. दुसऱ्याने छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहिली होती. तिसऱ्याने शुद्धलेखन सुधारलं, दोन परिच्छेद एकत्र केले आणि वर मथळाही बदलला. चूक कुणाचीच नव्हती. काम कुठे संपतं, हे मी लिहिलंच नव्हतं. आता असं काम देणाऱ्यांसाठी ही यादी. लेखाचं नाव, पान क्रमांक, कृपया वगैरे तुम्ही लिहालच, ते सोडून देतो.

आधी उद्देश लिहा, म्हणजे या मजकुराचं पुढे काय होणार ते एका वाक्यात. ‘जतन करण्यासाठी’ हा उद्देश नव्हे, त्यातून काम घेणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. वेबसाइटवर लोकांनी शब्द टाकून शोधावं म्हणून करताय, की पुनर्मुद्रण करायचंय? शोधासाठी असेल तर ठळक-तिरपं, चौकटी, ओळ कुठे तुटते याकडे बघायची गरज नाही, अक्षर बरोबर हवं. पुनर्मुद्रण असेल तर परिच्छेद, कवितेच्या ओळी, तळटीपा सगळं जसंच्या तसं लागतं आणि वेळ कितीतरी वाढतो. जुन्या शुद्धलेखनाचा प्रश्नही उद्देशावरच सुटतो. सध्याचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ आणि १९७२ सालचे. स्मरणिकेत संस्थापकांचं १९४० च्या सुमाराचं पत्र पुन्हा छापलेलं असेल, तर त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार सापडणारच. ते ठेवायचे की काढायचे, हे तुम्ही लिहिलं नाहीत तर प्रत्येक जण आपापल्या शाळेतल्या बाईंना स्मरून ठरवेल. माझ्या मते ठेवायचे. पण काहीही ठरवा, लिहा मात्र.

मग साधनसामग्री, म्हणजे काम घेणाऱ्याच्या हातात काय देणार ते. इथे लोक फाइल जोडतात आणि मोकळे होतात. फाइल पुरेशी नाही, फॉन्टचं नेमकं नाव लागतं. या जुन्या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, म्हणून फॉन्ट काढून टाकला की मजकुराचा इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. कोणत्या जागेवर कोणता आकार, हे फॉन्टागणिक बदलतं. सुरेखसाठी केलेला कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. ‘श्रीलिपी’ एवढं म्हणणंही पुरत नाही, कारण त्यात आकड्यांनी ओळखले जाणारे कितीतरी फॉन्ट आहेत आणि त्या सगळ्यांची मांडणी सारखी असेलच असं नाही. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा, फॉन्ट्सच्या पानावर नावं मिळतील. मथळ्याचा फॉन्ट वेगळा असू शकतो, तोही टिपा. हे पाच मिनिटांचं काम तुम्हीच करा. प्रत्येक लेख घेणाऱ्याने ते पुन्हा करायचं आणि त्यातल्या निम्म्यांनी चुकीचा कन्व्हर्टर लावायचा, हे टाळता येतं.

फाइलबरोबर छापील पानांचे स्कॅन द्या आणि ‘शंका आली तर छापील प्रत खरी’ हे वाक्य लिहा. पेजमेकरची .pmd किंवा .p65 फाइल पाठवून देऊ नका. ती उघडणारं सॉफ्टवेअर आता कुणाकडे असतं? मजकूर काढून साध्या फाइलमध्ये द्या.

आता मुख्य गोष्ट. काम कधी संपलं, ते लिहा. ‘नीट तपासून द्या’ ही समाप्तीची अट होत नाही. ‘व्यवस्थित करा’ हीही नाही. अट अशी हवी, की ती पुरी झाली की नाही हे तिसरा माणूस फाइल उघडून सांगू शकेल. काम घेणाऱ्याला विचारावं लागलं, तर ती अट नाही.

या कामात अशा अटी घालता येतात, कारण कन्व्हर्टरच्या चुका ठरलेल्या असतात. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. कन्व्हर्टरने तिची जागा बदलायला हवी. जोडाक्षर आलं की तो गडबडतो आणि ‘स्थिती’ची ‘िस्थती’ होते. काही आकार ओळखूच येत नाहीत, ते इंग्रजी अक्षर म्हणून तसेच राहतात. या दोन्ही गोष्टी मशीनने शोधता येतात. लिबर ऑफिस रायटरमध्ये कंट्रोल-एच दाबा, रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करा आणि हे एकेक टाका:

```
[A-Za-z]
(^|\s)[\u093E-\u094D]
\u200D
```

पहिल्याने उरलेली इंग्रजी अक्षरं सापडतात, दुसऱ्याने मात्रेनेच सुरू होणारे शब्द, तिसऱ्याने डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. मूळ लेखातच इंग्रजी शब्द असतील तेवढे सोडून पहिला शोध रिकामा यायला हवा, बाकीचे दोन पूर्ण रिकामे. ही झाली अट. हो किंवा नाही, मध्ये काही नाही.

तिसऱ्या शोधाला कारण आहे. ‘दऱ्या’ मधला र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: कुणी ऱ वापरतं (इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे), कुणी साधा र, हलन्त आणि ते अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एकाने दुसरा सापडत नाही. शोधासाठी एवढा खटाटोप करायचा आणि अर्ध्या ‘दऱ्या’ अशा हरवायच्या! आणि कन्व्हर्टरने दोन्ही सोडून नुसता रफार दिला, तर दरीच्या दऱ्या जाऊन दर्या म्हणजे समुद्र येतो, आचारी जाऊन आचार्य येतात. ‘ॲ’चं तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या सवयीने काही कन्व्हर्टर अजून अ आणि वर चंद्र असं वेगवेगळं देतात. कोणतं रूप चालेल ते एकदाच लिहून टाका.

पण शोध रिकामे आले म्हणजे काम संपलं, असंही नाही, आणि हेसुद्धा लिहावं लागतं. रफार जुन्या फॉन्टात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा र आधी साठवला जातो. इथे चुकलं की ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो. रफार फक्त एक अक्षर पुढे सरकतो, वरच्या कुठल्याही शोधात तो सापडत नाही आणि भरभर वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून सहज घसरतो. म्हणून दुसरी अट: छापील प्रतीशी ओळीने ताडून एकदा वाचन, आणि ते केलेल्याचं नाव फाइलच्या शेवटी. तिसरी अट: ज्याने लेख केला नाही अशा कुणीतरी पहिलं, शेवटचं आणि मधलं एक पान पुन्हा वाचायचं. त्यात दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर लेख परत. दोन हा आकडा माझा, तुम्ही एक ठेवा नाहीतर पाच. आकडा हवा, एवढंच.

सगळं एकत्र केलं की वर्णन साधारण असं दिसतं: ‘स्मरणिकेतला “वाचनालयाची पहिली वर्षे” हा लेख, पानं १४ ते १७, युनिकोडमध्ये हवा. वेबसाइटवर शब्दाने शोधता यावा म्हणून, त्यामुळे मांडणीकडे लक्ष नको, पण परिच्छेद तेच ठेवा. जुनं शुद्धलेखन बदलू नका. छापील चूक वाटली तर तशीच ठेवून पुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाका. सोबत: मजकुराची फाइल, पानांचे स्कॅन, फॉन्टचं नाव, कन्व्हर्टरची लिंक. तीन शोध रिकामे, छापील प्रतीशी एक वाचन, दुसऱ्याकडून तीन पानं पुन्हा वाचून दोनपेक्षा जास्त चुका नाहीत: एवढं झालं की काम संपलं. रविवारी रात्री नऊपर्यंत. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, लेख दुसऱ्याला देऊ.’ मोबाइलवर एका नजरेत मावतं, आणि हे लिहायचा कंटाळा केला तर नंतर प्रत्येकाला फोन करून तेच सांगत बसावं लागतं. समाप्तीचं वाक्य यातून गाळून पाहा. बाकी सगळं नीट आहे असं वाटतं ना? तिथेच फसायला होतं. वर्णन लिहून झालं की आधी ते वाक्य शोधा, नसेल तर पाठवू नका.

मुदतीबद्दल थोडक्यात. ‘लवकर’, ‘सवडीने’, ‘पुढच्या आठवड्यात’ नको. वार आणि वेळ, आणि त्या वेळेनंतर मजकूर कुणाच्या हातात जाणार ते. वेबसाइटवाल्याला सोमवारी हवाय हे कळलं की माणूस वेगळ्या गांभीर्याने बघतो. दुसऱ्या वाचनाला लागणारा वेळ मुदतीत धरलाय की नाही तेही लिहा. नाहीतर रविवारी नऊला लेख येतो आणि तपासायला रात्री कुणीच नसतं. आधीची तारीख, नाही म्हणायची, हीही हवीच. तिच्यावाचून लोक संकोचाने शेवटपर्यंत गप्प बसतात.

बाकी भराभर. शंकेसाठी एकाच माणसाचं नाव द्या, ‘ग्रुपवर विचारा’ म्हटलं की तीन उत्तरं येतात. लेख कुणी घेतला ते वर्णनाखालीच लिहायला सांगा, म्हणजे दोघं तोच लेख करत बसणार नाहीत. फाइलचं नाव तुम्हीच ठरवून द्या, उदाहरणार्थ `smaranika_p14-17.txt`, आणि ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ येऊ देऊ नका. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवायची. पीडीएफ करून परत पाठवली तर घेऊ नका, कारण पुन्हा त्यातून मजकूर काढताना वेलांट्या आणि रफार नव्याने बिघडतात.