क्लीन शेव्ह फोटोवर दाढी-मिशी कशी रंगवावी

गडकरी रंगायतनला प्रयोग ठरलेला आहे, पोस्टर परवा छपाईला जायचंय आणि नायकाने नेमकी गुळगुळीत दाढी केली आहे. प्रयोगाला रंगभूषाकार खोटी दाढी चिकटवेल, पण पोस्टरवर ती आत्ताच हवी. ठाण्यातल्या डिझायनरकडे असलं काम नेहमी येतं, आणि बहुतेक वेळा ते बिघडतं एकाच कारणाने. रेडीमेड 'दाढीचा ब्रश' किंवा कुठून तरी उतरवलेली पीएनजी दाढी चेहऱ्यावर ठेवली जाते. ती दाढी समोरून काढलेल्या चेहऱ्याची असते, तिच्यावरचा उजेड वेगळा असतो. मग ती कितीही ताणा, वाकवा, शाळेच्या गॅदरिंगमधल्या दोरी बांधलेल्या दाढीसारखीच दिसणार. केस एकेक करून काढा. वाटतं तितका वेळ लागत नाही.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. नौपाड्यातल्या एका फ्लॅटमध्ये खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो. चेहरा फोटोच्या डावीकडे पाऊण वळलेला, मान किंचित खाली, नजर कॅमेऱ्यात. खिडकी फोटोच्या डाव्या बाजूला, म्हणजे दूरचा अरुंद गाल उजेडात आणि जवळचा रुंद गाल सावलीत. भूमिकेला साधारण महिन्याभराची दाढी हवी आहे. काम फोटोशॉपमध्ये, पेन टॅब्लेटवर.

आधी माप. माणसाचं बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर रुंद असतं आणि ते माणसागणिक फारसं बदलत नाही, म्हणून मोजपट्टी तीच. आपल्या फोटोत ते ९६ पिक्सेल भरतं, म्हणजे १ मिलिमीटरला ८ पिक्सेल. महिन्याभरात दाढी साधारण एक सेंटिमीटर वाढते, म्हणजे केस ८० पिक्सेलच्या आसपास. दाढीच्या केसाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. तेव्हा ब्रश २ पिक्सेलचा, टणक कडेचा, Shape Dynamics मध्ये Size ला Pen Pressure आणि Minimum Diameter शून्य. पाच-सहा पिक्सेलच्या ब्रशने काढलेली दाढी झाडूसारखी दिसते. टॅब्लेट नसेल तर Pen Pressure च्या जागी Fade निवडा, म्हणजे माउसनेही केस मुळाशी जाड आणि टोकाला बारीक येतो. Stroke Path चं Simulate Pressure मात्र नको. त्यात केस दोन्ही टोकांना बारीक होतो, आणि तसा केस कातडीतून उगवत नाही.

आता मुख्य भाग, दिशा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

वेगळ्या लेयरवर लाल जाड रेघेने चेहऱ्याची मधली रेषा काढा: नाकाचं टोक, नाकाखालची खोबण, खालच्या ओठाचा मध्य, हनुवटी. पाऊण चेहऱ्यात ही रेषा फोटोतल्या चेहऱ्याच्या मधोमध येत नाही, ती दूरच्या बाजूला सरकलेली असते आणि नाक-ओठ-हनुवटीच्या उंचवट्यांबरोबर आत-बाहेर होते. मिशीचा भांग तिच्यावरच पडला पाहिजे. चेहऱ्याच्या दिसणाऱ्या रुंदीचा मध्य काढून तिथे भांग पाडणारे बरेच आहेत, आणि त्यांची मिशी कायम एका बाजूला घसरलेली असते.

मग आडव्या रेषा: नाकाखाली एक, ओठांच्या फटीवर एक, खालच्या ओठाखालच्या खळग्यात एक, जबड्याच्या कडेने एक. या सरळ नसतात, कारण ओठांमागे दातांची गोल कमान आहे. मान खाली असली की या रेषांचा मध्य खाली झुकतो आणि टोकं वर जातात. मान वर असली की उलट, मध्य वर आणि टोकं खाली. आपल्या फोटोत मान खाली आहे, म्हणून मिशीची टोकं तोंडाच्या कोपऱ्यांकडे जाताना जराशी वर चढतील आणि मिशीचे केस वरच्या ओठाची कड झाकतील. सरळ मिशी लावली की माणूस कितीही गंभीर असो, मिशी वेगळ्याच कोनातून बघत असते.

या जाळीवर आता बाण काढा. कल्ल्यांपासून केस जवळजवळ सरळ खाली येतात. गालावर खाली, आणि जबड्याजवळ येताना थोडे मागे, कानाच्या दिशेने कलतात. मिशीचे केस खोबणीपासून खाली आणि बाहेर पसरतात. मधले जवळजवळ उभे, कोपऱ्याकडचे बरेच आडवे. खालच्या ओठाखाली एक छोटा झुपका सरळ खाली, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी उघडी कातडी. ही दोन टक्कलं बहुतेक पुरुषांना असतात आणि रंगवलेल्या दाढीत हमखास बुजवली जातात. हनुवटीवर दोन्हीकडचे केस खाली येत मध्याकडे झुकतात. गळ्यावर दिशा माणसागणिक बदलते, कुणाचे आडवे, कुणाचे चक्क वरच्या दिशेने. पण आपल्या फोटोत मान खाली असल्याने गळा जबड्याआड आहे, तिथे काही काढूच नका.

दूरच्या गालावर मात्र हेच बाण तसेच उमटवून चालत नाही. तो गाल कॅमेऱ्यापासून वळलेला आहे, त्यामुळे आडवं माप आकसतं, उभं आकसत नाही. जवळच्या गालावर जो केस तिरपा दिसतो, तोच दूरच्या गालावर जवळजवळ उभा दिसतो. शिवाय कडेजवळची कातडी खऱ्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशच दिसते, पण केस तेवढेच असतात, म्हणून दाढी तिथे दाटच दिसली पाहिजे. दूरची बाजू म्हणून केस कमी काढायचे, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चूक आहे. आणि चेहऱ्याच्या बाह्यरेषेवर केस थांबत नाहीत. ते कातडीतून उठलेले असतात, कडेवर ते उठणं आडून दिसतं, त्यामुळे टोकं रेषा ओलांडून मागच्या भिंतीवर यायला हवीत. गाल-जबड्याची ती कड गुळगुळीत राहिली की दाढी कातडीवर छापल्यासारखी वाटते, बाकी सगळं बरोबर असलं तरी.

दिशा पक्की झाली की केस काढणं सोपं आहे. खाली Multiply लेयरवर मऊ ब्रशने कातडीच्या सावलीचा करडा-तपकिरी रंग, १५ ते २० टक्के. त्यावर केस, जबड्याच्या खालच्या कडेपासून वर चढत, म्हणजे वरचे केस खालच्यांवर पडतात. प्रत्येक केस मुळाकडून टोकाकडे ओढा. पाच-सात केसांची टोकं एकमेकांकडे झुकवा, मग एखादा केस वाट चुकलेला. गालावरची वरची कड रेघेने कापू नका; सात-आठ मिलिमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे साठेक पिक्सेलमध्ये, केस विरळ, आखूड आणि बारीक होत संपू द्या.

उजेडासाठी गडद आणि फिके केस हाताने वाटत बसू नका. सगळे केस एकाच मध्यम गडद तपकिरी रंगात काढा, रंग भुवईतून उचला आणि उजळपणा २० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मग मूळ फोटोची प्रत वर घ्या, Desaturate करा, Gaussian Blur ४० पिक्सेल, केसांच्या लेयरला Alt+Ctrl+G ने क्लिप करा आणि मोड Overlay. आता चेहऱ्याचा स्वतःचा उजेड केसांवर पडतो. गडद रंगावर Overlay चं गणित असं, सगळे आकडे ० ते १ मध्ये:

```
परिणाम = 2 × केस × उजेड
उजेडातला गाल: 2 × 0.20 × 0.75 = 0.30
सावलीतला गाल: 2 × 0.20 × 0.30 = 0.12
```

केस शुद्ध काळा असेल तर कशानेही गुणा, उत्तर शून्यच. दाढी सपाट काळी पडते ती म्हणून. दुसरी अडचण आपल्याकडच्या रंगांची. सावळ्या किंवा गव्हाळ कातडीचा उजेडातला भागही अनेकदा ०.५ च्या खाली असतो, आणि मग सगळीच दाढी अंधारात जाते. त्या प्रतीवर Levels लावून उजेड आणि सावली यांच्या मधला भाग १२८ वर आणा. ब्लर करण्याआधी दोन गोष्टी दुरुस्त करून घ्या. ओठ आणि नाकपुड्या आसपासच्या कातडीच्या रंगाने झाका, नाहीतर मिशीवर काळे डाग उमटतात. आणि दूरच्या गालाचा रंग बाह्यरेषेच्या बाहेर थोडा पसरवा, नाहीतर पांढऱ्या भिंतीचा उजेड केसांच्या टोकांना लागतो आणि टोकं पिकल्यासारखी दिसतात.

एवढं करूनही दाढी तरंगते, कारण तिची सावली काढलेली नसते. केसांच्या लेयरखाली त्यांचीच प्रत घ्या, Multiply वर, २५ टक्के, ८ पिक्सेल ब्लर, आणि खिडकीच्या उलट, म्हणजे उजवीकडे आणि खाली, १६ ते २० पिक्सेल सरकवा. मिशीखालच्या ओठावर ती थोडी कमी करा. हनुवटीखाली आणि कॉलरवर वाढवा.

शेवटी धार जुळवा. १०० टक्क्यांवर जवळच्या भुवईशेजारी दाढी बघा. भुवई मऊ आणि दाढी कोरलेली दिसत असेल तर केसांना ०.५ ते १ पिक्सेल ब्लर. दूरचा डोळा फोकसबाहेर असेल तर त्या बाजूच्या केसांना जास्त. नंतर Add Noise, Gaussian आणि Monochromatic, २-३ टक्के, फोटोच्या दाण्याइतकंच.

फ्लॅट करण्याआधी Flip Canvas Horizontal करून बघा. भांग सरकला असेल तर लगेच कळतं. मग लेयरवर एक Black & White टाकून दाढीची सावलीकडची बाजू जवळच्या डोक्याच्या केसांइतकीच गडद आहे का ते पाहा. आणि पोस्टर फ्लेक्सवर जाणार असेल तर छपाईच्या रिझोल्यूशनला फाइल लहान करून एकदा तपासा. एका पिक्सेलचे केस तिथे विरघळतात आणि उरतो फक्त खालचा करडा थर. तसं झालं तर तो थर १० टक्क्यांवर आणा आणि मिशीत व हनुवटीवर पन्नासेक केस ३-४ पिक्सेलच्या ब्रशने वरून काढा.